संध्याताईंची पुठ्ठ्याची पट्टी

वाशीच्या त्या नोकरभरती एजन्सीत संध्याताई बोनकोड्याहून अकरा वर्षं येत होत्या. अर्ज वाचताना हातात नेहमी पुठ्ठ्याची एक पट्टी असायची. फोटो आणि जन्मतारीख आधी तिच्याखाली झाकायची, मग वाचायला सुरुवात. चार महिन्यांपूर्वी मॅनेजर म्हणून आलेल्या मितेशला या पट्टीचं भारी हसू यायचं.

त्या दिवशी उरणच्या एका शीतगोदामाला प्रमुख हवा होता. चार वाजेपर्यंत तीन नावं कळवायची होती. मितेशने सुमेधा नावाच्या बाईंचा अर्ज नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात टाकला. बाई टोरांटोत नऊ वर्षं गोदाम सांभाळत होत्या. वडिलांना पक्षाघात झाला होता. इथे नोकरी मिळाली तरच बाईंना परत येता येणार होतं. सोबतच्या पत्रात तसं स्वच्छ लिहिलं होतं.

"फोटो नाही, वय नाही, सगळं मिळून एक पान!" मितेश म्हणाला. "काहीतरी लपवतेय ही. हा सितारामचा अर्ज बघा, पाच पानं!"

"लपवत नाय, सर," संध्याताई शांतपणे म्हणाल्या. "तिकडं तशीच रीत हाय. वय बघून नाकारलं असं उद्या कोनी म्हनू नये, म्हनून फोटो, जन्मतारीख कंपनीलाच नको असते. पान-दोन पानांत आटपायचं. गल्फला अर्ज पाठवताना मात्र आपनच फोटो चिकटवतो. कागदाची रीत देशाची, मानसाची नाय."

मितेशला पटलं नव्हतं. संध्याताईंनी वाद घातला नाही. कंपनीच्या चार अटी घेतल्या: किती माणसं सांभाळली, किती तापमानाचा माल, निर्यातीची कागदपत्रं, बिघाड झाल्यावर काय केलं. नाकारलेल्यांसकट प्रत्येक अर्जातून तेवढीच उत्तरं कोऱ्या कागदावर उतरवली, एका अर्जाला एक ओळ. नाव नाही, देश नाही, पानांचा आकडा नाही. दोन तास मान वर केली नाही बाईने! सितारामच्या पाच पानांतलं दीड पान शाळा-कॉलेज आणि छंदांतच गेलं होतं. उरलेलं मात्र खणखणीत होतं, तेही त्यांनी इमानाने लिहिलं.

"आता निवडा," त्या म्हणाल्या.

मितेशने पहिला नंबर चौथ्या ओळीला दिला, दुसरा सातव्या, तिसरा दुसऱ्या. संध्याताईंनी गठ्ठ्यातून सुमेधाचं एकुलतं पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. चौथी ओळ तीच होती. सातवी सितारामची.

चारला दहा मिनिटं असताना मितेशने तिन्ही नावं पाठवली. त्याला मनापासून लाज वाटली आणि संध्याताईंचा अभिमानही.

"ताई, ही पट्टीची सवय कधीपासून?"

"लय जुनी." त्या पर्स आवरत म्हणाल्या. "तुमचा अर्जपन माझ्याकडंच आलेला ना, सर. फोटोत तुमी गॉगल लावून बाइकवर बसलेले. मी पट्टी ठेवली, नि खालचं वाचलं."