घागरफोडे

समजा, पंधरा जर्सींच्या छातीवर छापायला तुम्हाला एक नाव द्यायचंय. वाचणाऱ्याला हसू यावं, पण गोलंदाजानं जरा बिचकावं. माइकवाल्याला ते एका दमात म्हणता यावं. आणि छपाईवाला नरसिंग घाई करतोय, "संध्याकाळपर्यंत सांगा, रविवारी रेणापूरला मॅच हाय तुमची." सुचतंय काही?

लातूरच्या डाळमिलमध्ये मशीन चालवणाऱ्या रेवणप्पालाही सुचत नव्हतं. तो लातूर जिल्हा झाला त्या वर्षी जन्मलेला, म्हणजे २०१६च्या दुष्काळात चौतिशीचा. शनिवार-रविवार गल्लीत खेळणाऱ्या टीमचा कप्तान. गेल्या वर्षी टीमला नावच नव्हतं. रेणापुरात माइकवाला दिवसभर "लातूरची ती दुसरी टीम" म्हणत राहिला. हरण्यापेक्षा तेच त्याला जास्त लागलं होतं.

"लातूर टायगर्स छाप," तो म्हणाला.

"यंदा तीन टायगर छापले म्या. चौथा कुठं सोडता?"

"मग सिंह."

"अक्षरं कापून चिकटवायची असतात. वरचं टिंब सुटं कापावं लागतं. दोन धुण्यांत निघून जातं."

'दुष्काळ' हे नाव पोरांना लई आवडलं. गल्लीतल्या बायकांनी ते उडवून लावलं. "दारात बसलाय तेवढा पुरे. अंगावर कशाला घालता?"

गल्लीत टँकरसाठी रिकाम्या घागरींची रांग लागायची. तिच्या शेजारीच पिच. नियम साधा होता : घागरीला चेंडू लागला की आऊट. मागच्या महिन्यात उन्हानं कडक झालेली शरणम्मा अक्काची निळी प्लास्टिकची घागर चेंडूनं फुटली आणि सगळे पळाले. कबूल कुणीच झालं नाही.

त्या संध्याकाळी नरसिंगच्या दुकानापुढून जाताना अक्का थांबली. "काय रे घागरफोड्यांनो, ठरलं का न्हाई नाव?"

रेवणप्पा तिच्याकडे बघतच राहिला.

नरसिंगनं बोटं मोजली. "घागरफोडे. पाच अक्षरं. जोडाक्षर न्हाई, टिंब न्हाई. अकरा इंचांत ठसठशीत बसतंय."

"अक्का, छापू का?"

"छापा की. पर आधी माझी नवी घागर आणा. अन् जर्सीचा रंग माझ्या घागरीचाच पाहिजे."

घागर त्याच संध्याकाळी आली. निळ्या कापडावर पांढरी अक्षरं दाबून बसली.

रविवारी माइकवाला ओरडला, "आता येताहेत घागरफोडे!" मैदान हसलं. पण दुसऱ्याच ओव्हरला रेवणप्पाचा षटकार मंडपावर आदळला, तेव्हा समोरच्या कप्तानानं आपला पाण्याचा जार उचलून मंडपामागे नेला. फायनलला सगळं मैदान घागरफोड्यांचं नाव घेऊन ओरडत होतं. शेवटच्या ओव्हरमध्ये त्यांनी मॅच मारली. रात्री गल्लीत कप सगळ्यात आधी अक्काच्या हातात गेला.

आजही पोरं चहाला जमली की रेवणप्पा एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारतो, "आता तरी खरं सांगा रे, ती निळी घागर फोडली कुणी?"