पैलवानाचं कोपर

पैलवान मला आवडत नाहीत. दुखतंय म्हणत नाहीत, आणि जे दुखतं त्यावर आणखी वजन टाकतात. त्यामुळे मी हाडांचा डॉक्टर म्हणून या शहरात बसल्यापासून तालमीतल्या पोरांवर ओरडतच आलो आहे.

तो पोरगा कन्नड तालुक्यातला, धनगराच्या घरचा. मिसरूड फुटायच्या आत त्याला इथल्या तालमीत आणून टाकलेलं. तिथंच खाणं, तिथंच झोपणं. सरावात डाव्या तळहातावर पडला आणि कोपर निखळलं. वस्तादांनी नेहमीप्रमाणे एकाला दंड धरायला लावला, स्वतः मनगट ओढलं, खट्ट आवाज झाला, सांधा बसला. इथवर ठीक. पण त्या तालमीचा रिवाज असा, की बसवलेला सांधा सगळ्यांदेखत सिद्ध करायचा. वस्ताद म्हणाले, "मार जोर." पोरानं दोन्ही हात मातीत रोवले, छाती खाली नेली, आणि कोपर पुन्हा मागं सरकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वस्ताद स्वतःच त्याला माझ्याकडे घेऊन आले. मी त्यांना सीटी स्कॅन दाखवला.

"तीन गोष्टी गेल्यात," मी म्हणालो. "बाहेरच्या बाजूच्या हाडाचं डोकं फुटलंय. हे डोकं म्हणजे टेकू. आतल्या हाडाला पुढं एक चोच असते, ती हात मागं घसरू देत नाही, तीही तुटली. आणि बाहेरचा अस्थिबंध, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, दंडाच्या हाडावरून उपटला गेलाय. तिन्ही एकदम गेल्यावर ओढून बसवलेलं कोपर टिकत नाही. आमच्यात याला भयंकर त्रिकूटच म्हणतात."

"बसला व्हता की," वस्ताद म्हणाले.

"बसला होता. राहिला नाही."

ऑपरेशनला बाहेरच्या बाजूनं आत गेलो. अस्थिबंध आधीच सुटलेला, त्यामुळे वाट तयारच होती. डोक्याचे चार तुकडे, जोडण्याच्या पलीकडचे. ते बाहेर काढले आणि टेबलावर चकतीसारखे मांडून माप घेतलं. त्यांच्या जागी घालायचं धातूचं डोकं जरा मोठं बसलं तर सांधा आखडतो. डोकं निघाल्यानं झालेल्या मोकळ्या जागेतून खोलवरची चोच दिसते. म्हणून आधी ती. हाडाला मागून दोन भोकं पाडली, चोचीचा तुकडा आणि त्याला चिकटलेलं आवरण यांतून दोरा ओवला, मागं खेचून गाठ मारली. मग धातूचं डोकं. शेवटी अस्थिबंध त्याच्या मूळ जागी शिवला. क्ष-किरणांच्या पडद्याखाली हात हळूहळू सरळ केला. जवळपास सरळ होईस्तोवर सांधा जागचा हलला नाही. आतली बाजू उघडावी लागली नाही. मला भारी आनंद झाला. स्वतःच्या कामावर मी खूश होतो, त्या पोराचा विचारही तेव्हा मनात नव्हता.

काही दिवसांतच पट्टी सोडून व्यायाम सुरू केला: उताणं झोपून, दंड छताकडे उभा धरून, तळहात पावलांकडे वळवून, हात वाकवायचा आणि बेतानं सरळ करायचा. पोरगा गुणी, सांगितलं तेवढंच करायचा. वस्ताद रोज संध्याकाळी किटलीतून बदामाचं दूध आणायचे आणि स्वतः ग्लास धरून पाजायचे. लेकरू त्यांच्याकडं असं बघायचं, की मला माझ्या बापाची आठवण यायची.

एका संध्याकाळी पोरानं विचारलं, "साहेब, जत्रेला उतरता येईल का?"

मला गोड बोलता येत नाही. "जत्रा विसर," मी म्हणालो. "हात कामाला येईल. जेवशील, गाडी चालवशील, शेरडं सांभाळशील. कुस्ती संपली."

वस्ताद ग्लासात दूध ओतत होते. थांबले.

"जोर बी नाय?"

"अंगाचं वजन या हातावर कधीच नाही."

त्यांनी ग्लासातलं दूध परत किटलीत ओतलं. सांडू न देता, अगदी सावकाश. झाकण लावलं. "मंग खुराक कशाला वाया घालायचा? गावाकडं निरोप धाडतो, तुझा बाप येऊन घेऊन जाईल. तुझी जागा दुसऱ्याला द्यायचीय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मी बसवला तवा पैलवान व्हता. तुम्ही उघडला अन् संपवला."

मी खवळलो. मातीत जोर मारायला कोणी लावला, हे मी वॉर्डभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं. वस्ताद किटली घेऊन निघून गेले.

पोरगा माझ्यावरच चिडला होता. डोळे पुसायला त्यानं डावा हात उचलला, डोळ्यांपर्यंत छान पोचला.

"कशाला बोललात त्यांना?" तो म्हणाला. "परत बोलवा ना साहेब. मी एका हातानं लोकांची मालिश करीन, माती खणीन. तिथंच राहू द्या म्हणावं."

मी जिन्यापर्यंत गेलो. वस्ताद खाली पायऱ्यांवर उभे राहून, तालमीतून बरोबर आलेल्या दुसऱ्या एका पोराला ते दूध पाजत होते.