लाल रेघ नाही म्हणजे बरोबर?

बांधातली उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारी झडप, तुटली होती आणि काकूच्या भातशेतात खारं पाणी शिरत होतं. दुरुस्तीसाठी आम्ही मोर्चा ठरवला. त्याचं पत्रक पेणच्या छापखान्यात दिलं, तर प्रूफमध्ये छापून आलं, ‘आघाडी ताबडतोब दुरुस्त करा.’ लोक आम्हाला कुठल्यातरी पक्षाचे समजून घरीच बसले असते!

“दादा, हे काय?” मी छापखानेवाल्याला विचारलं.

“उघाडीखाली लाल रेघ आली गो ताई. कॉम्प्युटरने सुचवलं ते घेतलं. आता बघ, एक पण रेघ नाय!”

नसणारच! कॉम्प्युटरच्या यादीत ‘आघाडी’ आहे, ‘उघाडी’ नाही. शब्द त्या वाक्यात बसतो का, हे तो बघतच नाही.

मग मोर्चासाठी रोह्याहून आलेल्या मैत्रिणीने माझं हस्तलिखित एकेक शब्द मोठ्याने वाचलं आणि मी प्रूफवर पेन्सिल फिरवली. तर ‘फुटलेला बांध’चा ‘फुटलेला बंद’ झालेला. त्यालाही रेघ नव्हती.

“एवढं वाचत बसलात तर मोर्चा कधी काढणार?” तो वैतागला.

“आघाडी दुरुस्त करायला काढू का? काकूचं शेत बुडतंय, लोक आलेच पाहिजेत. हे दोन्ही शब्द बदल आणि नवीन प्रूफ दे, तेही असंच वाचणार.”