मागच्या बाजूची सही

शिवरे गावात हायवेच्या कडेला छाया गायकवाडचं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड, मका भरडा, गव्हाचा भुसा. नवरा गेला तेव्हा दुकानात अकरा पोती होती आणि पोरगी शेफाली सहावीत होती. आज गोदामात दोनशे पोती आहेत आणि शेफाली पुण्यात नर्सिंगला आहे. मधली सगळी वर्षं छायाने कुणापुढे हात न पसरता काढली, आणि हे मी कौतुकाने सांगतो, कारण कौतुक माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही. तीस वर्षं भोरला कोर्टाच्या फाटकासमोर टेबल टाकून लोकांचे कागद लिहिणाऱ्या माणसाचा स्वभाव आंबट होतोच. तिचं माहेर आंबवड्याचं, माझ्याच भावकीतलं. ती मला रामभाऊ म्हणते.

तिच्या बाबतीत जे घडलं त्यातला प्रत्येक कागद माझ्या हातचा आहे.

कामथडीचा मानसिंग शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. ऑक्टोबरच्या चार तारखेला तो हैबती कोकरेला घेऊन माझ्या टेबलाशी आला. हैबती वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरचा. साठीचा, काटक, बोलायला कमी. सांगलीकडच्या चांगल्या जातीच्या बारा मेंढ्या मानसिंग त्याला आणून देणार होता, एक लाख ऐंशी हजारांना. पैसे चार महिन्यांनी. माल आणायच्या आधी मानसिंगला हातात काहीतरी हवं होतं, म्हणून प्रॉमिसरी नोट करायची ठरली. मुदतीची नोट, म्हणून नुसतं महसुलाचं तिकीट चिकटवून भागत नाही. रकमेप्रमाणे मुद्रांक लागतो. तो लावला. ‘आजपासून चार महिन्यांनी मानसिंग यांना किंवा ते सांगतील त्यांना एक लाख ऐंशी हजार रुपये देईन,’ असं लिहिलं, वाचून दाखवलं. हैबतीने डावा अंगठा उठवला. नावाखाली मी त्याचा मोबाईल नंबर घातला, माझ्या सवयीने.

‘किंवा ते सांगतील त्यांना’ या चार शब्दांचा अर्थ मी त्याला समजावला नाही. कुणी विचारत नाही, मीही सांगत बसत नाही.

मेंढ्या काही आल्या नाहीत. नोव्हेंबरात मानसिंग वाड्यावर गेला आणि जमत नाही म्हणाला. हैबतीने त्याला बिरोबाच्या देवळात नेलं. दोघांनी बेलभंडारा उचलला: सौदा मोडला, घेणं नाही, देणं नाही. धनगरवाड्यावर हा शेवटचा शब्द असतो. त्यानंतर ‘माझा कागद परत दे’ म्हणणं म्हणजे देवावर पोलीस बसवण्यासारखं. हैबतीने कागद मागितला नाही. मानसिंग तो खिशात घालून डोंगर उतरला.

हे सगळं आम्हाला फेब्रुवारीत कळलं. डिसेंबरात छायाला आणि मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, हे मी आधीच स्पष्ट करतो.

डिसेंबरात मानसिंगकडे छायाची पेंडीची एक लाख चाळीस हजार थकबाकी होती. त्याने ती नोट पुढे केली. ही घे, फेब्रुवारीत एक लाख ऐंशी मिळतील, वरचे चाळीस मला दे. दोघं माझ्या टेबलाशी आली. छायाने मला विचारलं, घेऊ का? मी कागद उलटसुलट पाहिला. मुद्रांक बरोबर, खाडाखोड नाही, मुदत अजून संपलेली नाही. मी तिला सांगितलं ते असं: तू पूर्ण मोल देऊन, मुदतीच्या आत, कागदात खोट असल्याचा संशय यावा असं काही समोर नसताना घेतेस, तर आधीच्या दोघांमधली भानगड तुझ्या अंगाला लागत नाही. माल आला की नाही, कुजका निघाला की सौदा मोडला, ते त्यांचं त्यांनी बघावं. लिहून देणाऱ्याला तुझे पैसे द्यावेच लागतात. मागच्या माणसाला घेता आले नसते, तरी तुला घेता येतात.

तिला हे जरा विचित्र वाटलं. चोराच्या हातचा कागद माझ्या हातात येऊन धुतला कसा जातो, असं तिने विचारलं. मी म्हणालो, तसं नसतं तर असला कागद कुणी हातातच धरला नसता.

नोटेच्या पाठीवर मी लिहिलं, ‘छाया गायकवाड यांना किंवा त्या सांगतील त्यांना द्यावे.’ खाली तारीख. मानसिंगने सही ठोकली. छायाने तिथंच मोबाईलवरून चाळीस हजार पाठवले. पण त्याआधी ती थोडा वेळ थांबली होती. तिचं बोट हैबतीच्या नंबरावर होतं. मी ते पाहिलं.

चार फेब्रुवारी उलटली. वर सवलतीचे तीन दिवस असतात, तेही मोजले आणि सात तारखेला नोट दाखवायला आम्ही दोघं जीप करून वाड्यावर गेलो. हैबतीने चांगलं स्वागत केलं. त्याच्या बायकोने, सोजराबाईंनी, चहा दिला. छायाने कागद काढला तेव्हा तो हसला. तो कागद मेला, म्हणाला, बिरोबापुढं मेला. आणि त्याने बेलभंडाऱ्याची गोष्ट सांगितली. मी त्याला समजावू लागलो, आणि जसजसा समजावत गेलो तसतसा माझाच मला राग येत गेला. शेवटी तो एवढंच म्हणाला:

“म्हंजे ह्या बाईंना आधी ठावं असतं, तर कागद मेलेला. ठावं नव्हतं म्हनून जित्ता. आसंच का?”

मी म्हणालो, तसंच.

मानसिंगने पाठीवर सही केली होती, म्हणजे नोट नाकारली गेल्यावर छायाला तोही बांधील होता. आम्ही त्याला लगेच रजिस्टर नोटीस पाठवली. ती परत आली. कामथडीच्या घराला कुलूप होतं, फोन बंद. उरला हैबती.

मी म्हणालो, भोरच्या कोर्टात दावा टाकू, झटपट निकालाचा, त्याला बचावाला जागाच नाही. छाया म्हणाली, थांबा थोडं. मार्चअखेर शेफालीच्या कॉलेजचे पैसे भरायचे होते आणि छायाकडे दुसरी रक्कम नव्हती. तरी ती थांबा म्हणाली.

मग सोजराबाई येऊ लागल्या. एसटीने यायच्या, दुकानासमोर रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली बसायच्या. बोलायच्या नाहीत, रडायच्या नाहीत, दुकानाकडे बघायच्याही नाहीत. डोक्यावरून पदर, हातात लोकर, चाती फिरत असायची. दुपारच्या गाडीने परत. छायाने पाणी पाठवलं तर त्या प्यायच्या आणि तांब्या धुऊन परत द्यायच्या. हे तीन आठवडे चाललं.

मी एकदा दुकानात गेलो तर छाया वजनकाट्यापाशी नुसती उभी. गिऱ्हाईक बोलवतंय, हिचं लक्ष नाही. मला म्हणाली, रामभाऊ, ती आज आली नाही, तरी ती मला दिसतेय. मी बाहेर पाहिलं. झाडाखाली खरंच कुणी नव्हतं. पण तिने सांगितल्यावर मलाही तिकडे फार वेळ बघवेना. जेवण सुटलं होतं तिचं. घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्यासमोरसुद्धा नीट उभं राहवत नाही म्हणाली. मी चिडलो. तू काय चोरी केलीस, म्हटलं, कायदा तुला निर्दोष म्हणतो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हैबती स्वतः आला, बरोबर सोजराबाई. मी दुकानातच होतो. त्याने कनवटीची पुरचुंडी सोडली. काऊंटरवर भंडारा आणि बेलाचं पान ठेवलं. शेजारी नोटांची पिशवी. पस्तीस मेंढरं विकली होती, लहान-मोठी धरून. निम्मा वाडा रिकामा केला होता त्याने.

“कोर्ट नगं,” तो म्हणाला. “तुमाला ठावं नव्हतं, येवढं ह्यो उचलून सांगा. पैसं तुमचं.”

मी मध्ये पडलो. ह्या बिरोबा मानत नाहीत, ह्यांना असली शपथ घालू नका, आणि कायद्याने तिची गरज नाही, वगैरे. छायाने मला गप्प केलं. पिशवीकडे पाहिलं. तिला शेफाली आठवत असणार, मला तर आठवत होतीच. तिने हात भंडाऱ्यापर्यंत नेला, आणि तो तिथेच राहिला.

“मला ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली. “ते खरं आहे. पण तुमचा नंबर कागदावर होता. मी लावणार होते. मग म्हटलं, लावला आणि काही वाकडं निघालं तर माझे पैसे बुडतील. म्हणून लावला नाही.”

हैबतीने माझ्याकडे पाहिलं. न लावलेल्या फोनला कायद्यात काय म्हणतात, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. संशयाला कारण नव्हतं, म्हणून फोन लावणं तिच्यावर बंधनकारक नव्हतं. तिचा हक्क तसाच राहतो. त्याने मान हलवली आणि पिशवी पुढे सरकवली. अंगठा माझा हाय, म्हणाला.

छायाने पैसे घेतले. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण तिने घेतले. नोटेवर ‘पूर्ण रक्कम मिळाली’ लिहून, सही करून तिने कागद हैबतीला दिला. त्याने तो पटक्यात खोचला आणि तो रस्ता ओलांडू लागला. सोजराबाई मागे थांबल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच बोलल्या.

“मोबाईल माझ्यापाशीच आसतो, बाय. म्याच उचलला आसता.”

शेफालीची फी भरली गेली. सोजराबाई पुन्हा कधी शिवऱ्याला आल्या नाहीत. छायाने काऊंटर फिरवून आतल्या भिंतीकडे तोंड केलंय, गिऱ्हाईक पाठीमागून हाक मारतं. त्याने काही फरक पडला नाही असं ती म्हणते. पाठीलाही दिसतं म्हणे.

परवा मी तिच्याकडे गेलो होतो. चहा देताना तिने सहज विचारलं, आवाज न चढवता: “त्या दिवशी माझं बोट नंबरावर होतं. तुम्ही बघत होता. लाव म्हणून का नाही म्हणालात?”

मी चहा पीत राहिलो. उत्तर माझ्याकडे आहे. त्या दिवशी दीड वाजला होता आणि मला डबा खायचा होता.