फुल्या-गोळ्यांचे रविवार

धंतोलीतल्या एका अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ऐंशीच्या दशकात दर रविवारी सकाळी डॉक्टरांचं एक मंडळ भरत असे. खाली प्लास्टरमधले पाय वर टांगलेले असत, आणि वर आमचे डॉक्टर शेअरचे भाव वर टांगायच्या उद्योगात. माझे यजमान भूलतज्ज्ञ. ते भक्तिभावाने जात. मी कॉलेजात गणित शिकवत होते म्हणून मलाही बोलावणं असे. बाकी बायका पोहे करायला.

मंडळाचे प्रमुख अर्थातच ते हाडांचे सर्जन. त्यांच्या मेव्हण्याने अमेरिकेतून एक पुस्तक पाठवलं होतं. त्यातून त्यांनी फुली-गोळ्याचा तक्ता उचलला. पद्धत तशी सोपी आणि, मी कबूल करते, सुंदर. आलेखाच्या कागदावर एका घराला पाच रुपये ठरवायचे. भाव पाचाने चढला की वर एक फुली. चढतच राहिला तर त्याच रांगेत फुलीवर फुली. उतरला तर लगेच काही करायचं नाही. तीन घरं, म्हणजे पंधरा रुपये उतरला, तरच शेजारच्या रांगेत एक घर खालून गोळे काढायला सुरुवात. भाव जागच्या जागी चुळबुळत राहिला तर महिनाभर पेन्सिल उचलायचीच नाही. कागदावर तारीख नाही, वार नाही. काळच काढून टाकलेला.

"काळ म्हणजे निव्वळ गोंगाट," सर्जन म्हणत. "आम्ही गोंगाट कापून टाकतो."

कापणं हा त्यांचा धंदाच होता.

पुढे मंडळात एक इंजिनिअर आले. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याने त्यांना यंत्रं शिकायला जपानला धाडलं होतं. यंत्रं किती शिकले ते कारखान्याला ठाऊक. तिथून ते विटा घेऊन आले. तक्ता विटांचा. ठरलेल्या आकाराइतका भाव चढला की आधीच्या विटेच्या वरच्या कोपऱ्याला तिरकी एक पांढरी वीट. उलट फिरून आधीच्या विटेच्या तळाखाली एक वीटभर उतरला की काळी. हाही तक्ता काळ मानत नाही. झालं, दोन पंथ पडले. फुलीवाले आणि वीटवाले. दोन्ही रीतींचं मर्म एकच आहे, घर किंवा वीट केवढी घ्यायची यातच सगळं आहे, हे मी एकदा सांगून पाहिलं. दोघांनी माझ्याकडे पोहे संपल्यासारखं पाहिलं.

इंजिनिअरसाहेबांची वीट एक रुपयाची. शंभराच्या वर चालणाऱ्या शेअरला एक रुपयाची वीट! दोन रुपये हलले की रंग बदलला. मग हे सीताबर्डीच्या दलालाकडे धावत. सोमवारी घेतलं, बुधवारी विकलं, शुक्रवारी पुन्हा घेतलं. काळ हाकलून दिलेल्या त्या तक्त्यापायी त्यांना घड्याळात बघायला फुरसत उरली नाही. दलाल मात्र त्यांना पाहिलं की स्वतः उठून खुर्ची देई.

सर्जनांचा रोग उलटा होता. एका सिमेंट कंपनीचे शेअर सगळ्या मंडळाने त्यांच्या शब्दावर घेतले होते. भाव एकशे ब्याऐंशीपर्यंत गेला. पाचाच्या घरात शेवटची फुली एकशे ऐंशीवर. नंतर तो एकशे चौसष्टला उतरला. गोळे एकशे पासष्टपर्यंत आले. मग पुन्हा ब्याऐंशीला जाऊन भिडला, पण जुनी फुली ओलांडली नाही. आणि तिथून घसरून एकशे अठ्ठावन्न. नवा गोळा एकशे साठवर, आधीच्या गोळ्यांच्या तळाच्या खाली. त्यांच्याच पुस्तकाप्रमाणे हा विकण्याचा इशारा. पुस्तकात जाड अक्षरात छापलेलं होतं.

त्या रविवारी सर्जनांनी कोरा कागद काढला. "पाचाचं घर फार लहान पडतंय. दहाचं घेऊ."

दहाच्या घरात फुली एकशे ऐंशीवरच आणि गोळे सुरू व्हायला भाव एकशे पन्नासला यायला हवा. तो अठ्ठावन्नवर. म्हणजे कागदावर एकही गोळा नाही. फुल्यांची ताठ रांग. मंडळाने सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या यजमानांनी दुसऱ्यांदा चहा घेतला.

"घर आधी ठरवायचं असतं, डॉक्टर," मी म्हटलं. "भाव बघून नाही."

"वहिनी, निदानात लवचिकता लागते."

"मग पन्नासचंच घर घ्या ना. शेवटची फुली एकशे पन्नासवर बसेल आणि पहिले तीन गोळे पडायला भाव शून्यावर यावा लागेल. कंपनी बुडाली तरी तुमचा कागद शुद्ध राहील."

घरी येताना यजमान म्हणाले, "चारचौघांत कशाला?"

आता एक गोष्ट या विद्वानांच्या लक्षातून निसटली होती. करापायी म्हणा, कशापायी म्हणा, सगळ्यांनी शेअर बायकांच्या नावावर घेतलेले. आमचे माझ्या नावावर. सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी सीताबर्डीला गेले, हस्तांतराच्या कागदावर सही केली आणि सिमेंट विकून आले. जाताना सर्जनांच्या पत्नीकडे डोकावले आणि त्यांनाही विका म्हणून सांगितलं.

"मले काय समजते वं त्यातलं," त्या म्हणाल्या. "हे सही कर म्हनतात, मी करतो. विकाले काहून नाही म्हनत मग?"

"कागदावर गोळा दिसत नाही म्हणून."

"गोळा तं यायच्या पोटात उठून राहिला, रोज रात्री." आणि त्या भाजी निवडायला लागल्या. सही काही त्यांनी केली नाही.

यजमान माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. वर तो सिमेंटचा भाव उलटून एकशे पंच्याहत्तरला गेला, तेव्हा मात्र खूप बोलले. मंडळात माझ्या नावाने पेढे वाटायची सूचना आली. माझ्या पाचाच्या घरात काही दैवी नव्हतं. दुसऱ्या एका शेअरला त्याच घराने मला दोनदा घेऊन दोनदा विकायला लावलं, दोन्ही वेळा तोट्यात. पण घर मी बदललं नाही. बदललं असतं तर मला बाजाराचं नाही, माझ्या इच्छेचं चित्र दिसलं असतं, आणि ते काढायला आलेखाचा कागद कशाला हवा?

पावसाळा संपता संपता सिमेंट एकशे अठ्ठेचाळीसला आलं. दहाच्या घरातही गोळे उमटले. सर्जनांनी वीसचं घर घेतलं. आता एकशे वीसपर्यंत निश्चिंती. दिवाळीनंतर भाव तिथेही पोचला आणि खालीही गेला. तोवर विकत घेणारा मिळेना. सर्जन म्हणाले, तक्त्यात काळ नसतो, त्यामुळे आपण थांबू शकतो. याच शेअरसाठी त्यांनी गिरवी ठेवलेल्या कुहीकडच्या धानाच्या शेतावरचं व्याज मात्र काळ मोजून चढत होतं, हे त्यांच्या पत्नीनेच मला सांगितलं.

मंडळ आपोआप मोडलं. विटांचे इंजिनिअर कारखान्यात परत रमले. माझ्या यजमानांनी एका संध्याकाळी उरलेल्या शेअरची फाइल माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी ती उघडली आणि आलेखाचा कागद काढला. सर्जन पुढच्याच वर्षी क्लबात व्याख्यान द्यायला उभे राहिले. विषय होता, गुंतवणुकीतली शिस्त. हॉल भरला होता. मी मागच्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकलं. टाळ्या बऱ्याच पडल्या.