शुक्रवारची यादी

चूक माझी होती. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. म्हणायला मला बावीस दिवस लागले, आणि ते बावीस दिवस दुसऱ्याच कुणाला तरी भोगावे लागले.

सिल्वासातल्या ज्या कारखान्यात मी डिस्पॅचचं काम बघतो, तिथे खोके चिकटवायचं रसायन तयार होतं. ड्रममधून जातं. हे रसायन जुनं झालं की घट्ट होत जातं, म्हणून प्रत्येक लॉटला मुदत असते. आमच्या पुण्याकडच्या एका मोठ्या ग्राहकाशी ठरलेलं होतं, की गाडी भरली त्या दिवशी लॉटची किमान साठ दिवसांची मुदत शिल्लक हवी. त्याहून कमी असेल तर तो लॉट पुन्हा तपासून मगच पाठवायचा. गाडीबरोबर लॉटची यादी मेलने जायची. यादीत तीनच रकाने: लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि शेरा. शेरा दोनपैकी एक, 'मान्य' किंवा 'पुन्हा तपासा'.

यादी लॅबमधली बाई बनवायची. ती धुळ्याकडची, तिशीतली. नवरा दुसऱ्या कारखान्यात, बिऱ्हाड किलवणीला. तीन वर्षं कंत्राटावर होती आणि त्या महिन्यात तिचं कायम होण्याचं पत्र मुंबईच्या हेड ऑफिसकडून यायचं होतं. शीटमध्ये शेऱ्याचा फॉर्म्युला तिनेच बसवला होता. तो चाचणीच्या तारखेवरून मुदत काढायचा, तिच्यातून आजची तारीख वजा करायचा आणि शेरा द्यायचा. रोज सकाळी शीट उघडली की कुठले लॉट म्हातारे होत चाललेत ते आपोआप कळायचं. आमच्यासाठी ते सोयीचं होतं. पण बाहेर जाणाऱ्या प्रतीत तो फॉर्म्युला जिवंत राहिला, तर समोरचा माणूस ज्या दिवशी फाईल उघडेल त्या दिवसाचा हिशोब त्याला दिसणार. म्हणून नियम होता: आधी दुसऱ्या नावाने प्रत करायची, मग त्या प्रतीतलं सगळं निवडून कॉपी करायचं आणि त्याच जागी पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यू टाकायच्या. फॉर्म्युले जातात, त्या घटकेचे शेरे तेवढे राहतात. मग पाठवायचं. हे काम माझं.

क्रम उलटा केला तर काय होतं तेही मी एकदा करून दाखवलं होतं. प्रत न करता मूळ शीटवरच व्हॅल्यू टाकल्या आणि सेव्ह केलं. तिचे सगळे फॉर्म्युले गेले. दोन दिवस बसून तिने ते पुन्हा लिहिले. रागावली नाही, पण तेव्हापासून माझ्या टेबलाजवळून जाताना म्हणायची, "दादा, पहिले काय?"

"सेव्ह अ‍ॅज."

"मंग?"

"मग व्हॅल्यू."

"पास झाले बरं का दादा. पेढे द्या आता."

त्या शुक्रवारी दुपारी गाडी भरून झाली होती. मी शीट उघडली, दुसऱ्या नावाने प्रत केली. म्हणजे पहिलं काम बरोबर झालं. तेवढ्यात गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. "भाई, ड्रायवर कागळ मागे छे, जल्दी आवो." मी गाडीचे कागद घेऊन गेटवर गेलो. ताडपत्रीच्या दोरीवरून ड्रायव्हर आणि लोडिंगवाले यांची जुंपली होती, ती मिटवली. परत आलो तेव्हा समोर नवं नाव असलेली फाईल उघडी होती. नवं नाव दिसलं आणि मी समजून चाललो की काम झालं. फाईल मेलला जोडली आणि पाठवली. मूळ शीट बिघडण्याची भीती माझ्या मनात इतकी बसली होती, की प्रत केली म्हणजे सगळं केलं असं मला वाटू लागलं होतं. हे मला नंतर सुचलेलं कारण आहे. तेव्हा कुठलाच विचार नव्हता.

यादीतले सगळे लॉट शुक्रवारी 'मान्य' होते. चार लॉटचे साठ, साठ, एकसष्ट आणि बासष्ट दिवस उरले होते. काठावर, पण नियमात.

सोमवारी सकाळी ग्राहकाच्या माणसाने फाईल उघडली. तिथे चार ओळींत 'पुन्हा तपासा' होतं. त्याने स्क्रीनचा फोटो काढून आमच्या मॅनेजरसाहेबांना पाठवला. खाली लिहिलं, तुमचीच लॅब तपासा म्हणते आणि तुम्ही माल पाठवता? गाडी त्यांच्या गेटबाहेर उभी राहिली.

साहेबांनी मला आणि लॅबच्या बाईला केबिनमध्ये बोलावलं. साहेब मुंबईचे, आवाज कधी चढत नाही. टेबलावर एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला लॅबच्या फाईलमधली शुक्रवारची प्रिंट. तिने यादी माझ्याकडे देण्याआधी ती काढून ठेवली होती. प्रिंटवर सगळे 'मान्य'.

"यादी एक सांगते, प्रिंट दुसरं. खरं काय मानायचं मी?"

"साहेब, शुक्रवारी दिवस पुरे होते," ती म्हणाली. "आज उघडली तर बदलनारच. फॉर्म्युला तारखेचा आहे ना."

"पण बाहेर फॉर्म्युला जात नाही, असंच ठरलंय ना आपलं?" साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही व्हॅल्यू करून पाठवली होती?"

मी म्हणालो, "हो साहेब."

इतकंच बोललो. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की केली होती. निदान पहिल्या दिवसापुरतं तरी मी हे म्हणू शकतो.

त्या एका 'हो'चा अर्थ सरळ होता. व्हॅल्यू झालेली फाईल स्वतःहून बदलत नाही. म्हणजे शुक्रवारीच त्यात 'पुन्हा तपासा' असणार. रसायनाचा घट्टपणा संशयास्पद वाटला तर ती फॉर्म्युल्यावर हाताने शेरा लिहीत असे, हे साहेबांना माहीत होतं. त्यांनी जोडून पाहिलं: हिला चार लॉटबद्दल शंका होती, तसं यादीत लिहिलं, आणि गाडी भरायची घाई दिसल्यावर फाईलला लावायला स्वच्छ प्रिंट काढली.

"असं नाही केलं मी," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "दादा, नक्की केल्या होत्या ना व्हॅल्यू?"

"केल्या होत्या," मी म्हणालो.

मंगळवारी सकाळी मी पाठवलेला मेल उघडला. त्यातली फाईल उघडली. वर पिवळी पट्टी आली, आणि खाली सगळे शेरे 'मान्य'. मला हायसं वाटलं. पण पट्टी असेपर्यंत फाईल फक्त वाचायला असते, तिच्यात नवा हिशोब होत नाही, हे मला ठाऊक होतं. मी एडिटिंगच्या बटणावर क्लिक केलं. पट्टी गेली आणि चार ओळी बदलल्या. शेऱ्याच्या एका चौकोनावर गेलो. वरच्या ओळीत तिने लिहिलेला फॉर्म्युला अख्खा होता.

फाईल बंद केली. सेव्ह करू का विचारलं, नाही म्हटलं. केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे. मी गेलो नाही.

ग्राहकाकडे चारही लॉट तपासले गेले, पास झाले, ड्रम उतरले. मालाचं काही बिघडलं नाही, त्यामुळे मी स्वतःला समजावलं की विषय संपला. तो संपला नव्हता. हेड ऑफिसने तिचं कायम करण्याचं पत्र थांबवलं आणि साहेबांकडून अहवाल मागवला. सकाळच्या उभ्या मीटिंगमध्ये लॅबचा विषय निघाला की लोडिंगचा सुपरवायझर म्हणायचा, "लॅबवाली बेन, आज कुठली यादी? खरी की प्रिंटची?" दोघंतिघं हसायचे. ती वहीत बघत राहायची. माझ्या टेबलाजवळून जाताना ती आता काही विचारत नव्हती. तिला माझा संशय होता का, ते मला कळलं नाही. असता तरी तिच्याकडे माझा मेल नव्हता. डिस्पॅचचे मेल लॅबला बघता येत नाहीत.

घरी, टोकरखाड्यात, बायकोने एकदा विचारलं, जेवत का नाही. पित्त आहे म्हणालो.

बाविसाव्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "अहवालाला तुमचं दोन ओळींचं निवेदन जोडायचंय. यादी व्हॅल्यू करूनच पाठवली होती, एवढंच. सही करा, मी आज पाठवतो."

मी टेबलावर येऊन ते टाइप केलं. प्रिंट काढली. तोंडी 'केल्या होत्या' म्हणणं मला जमलं होतं. पेन हातात घेतल्यावर जमेना. मी चांगला माणूस आहे म्हणून जमेना, असं नाही. खाली माझं नाव छापलेलं होतं, त्याची भीती वाटली.

तो कागद आणि लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये गेलो. साहेबांसमोर मेल उघडला, फाईल उघडली. पिवळी पट्टी, सगळे 'मान्य'. एडिटिंग सुरू केलं. आता चार नाही, नऊ ओळी बदलल्या. मध्ये बावीस दिवस गेले होते.

साहेबांनी एका शेऱ्यावर क्लिक करून फॉर्म्युला पाहिला. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही विचारलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी."

त्यांनी हात पुढे केला. निवेदनाचा कागद घेऊन फाडला आणि मला बाहेर जायला सांगितलं. अहवाल त्यांनी बदलून पाठवला. तिचं पत्र आलं, पण पुढच्या तिमाहीत. मधले महिने ती कंत्राटावरच राहिली. मला लेखी समज मिळाली. ती मला कमीच वाटली.

केबिनमधून मी लॅबमध्ये गेलो. ती बीकर धूत होती. सगळं सांगितलं. तिने नळ बंद केला.

"म्हंजे मंगळवारी माहीत होतं."

"हो."

"आन् मी रोज मीटिंगला उभी राहत होते." हात पुसत ती म्हणाली, "दादा, माफी मला इथं नका मागू. इथं कोण आहे ऐकायला? जिथं ते हसले ना, तिथं बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंगला सगळे उभे होते: साहेब, लोडिंगचा सुपरवायझर, त्याचे लोक, स्टोअरवाले. ती नेहमीच्या जागी, वही घेऊन. गाड्यांची नावं वाचून झाल्यावर मी एक पाऊल पुढे आलो. रात्री मनाशी बरंच जुळवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"पुण्याच्या गाडीची यादी मी व्हॅल्यू न करता पाठवली होती," मी म्हणालो. "साहेबांनी विचारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला कळलं आणि मी गप्प बसलो. ताईंची प्रिंट खरी होती. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं, लपवलं ते मी." सुपरवायझर खाली बघत होता. मी तिच्याकडे वळलो. "ताई, साहेबांनी विचारलं, मग तुम्ही विचारलं, आणि दोन्ही वेळा मी खोटं बोललो. तेव्हा नकळत, पण नंतर कळल्यावरही तेच धरून बसलो. तुमची माफी मागतो."