शालनताईंनी उतरवलेला फ्लेक्स

गेल्या वर्षी आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीत बातमी फिरली की शालनताईंनी बिल्डरकडून फ्लॅट घेतला. वन बीएचके, पार्किंगसकट. पार्किंग ऐकलं आणि मी जाणलं, थाप आहे. ताईंकडे सायकलसुद्धा नाही. खरं इतकंच की चाळ हायकोर्टात जिंकली, सेक्रेटरी प्रशांतने विजयाचा फ्लेक्स लावला आणि ताईंनी तो उतरवायला लावला. फितुरीचा आरोप व्हायला आमच्याकडे एवढं पुरतं. बातमी मी चार घरी सांगितली, पण थाप म्हणूनच.

ताई माझ्या भिंतीपलीकडच्या. वकिली शिकल्या, पण काळा कोट कधी चढवला नाही. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोमागे निकालांचं एक मासिक निघायचं, त्यात प्रत्येक निकालाच्या डोक्यावरचा सारांश त्या लिहायच्या. खिळ्यांच्या छपाईचे दिवस. ओलसर प्रुफं घरी आणून ओट्यावर वाळत टाकायच्या, वर खडे ठेवून. शेजारी आमच्या आईचे पापड. एकदा एका पापडावर ‘अपील फेटाळले’ असं उलटं उमटलं होतं. आम्ही तो तळून खाल्ला. आता ना मासिक, ना आईचे पापड. डेपोमागे म्हणे जिम झालीय.

तर आमचा खटला. महापालिकेने चाळीला विनापरवाना बांधकाम म्हणून पाडायची नोटीस दिली होती. दोन न्यायमूर्तींनी ती रद्द केली. दोघांनी वेगवेगळी निकालपत्रं लिहिली. प्रशांतने दोन्हींचं शेवटचं पान वाचलं. पहिल्यात ‘नोटीस रद्द’, दुसऱ्यात ‘मी या निकालाशी सहमत आहे’. झालं! फ्लेक्सवर चढलं : ‘दोन्ही न्यायमूर्तींचा निर्वाळा, चाळ कायदेशीर!’ खाली प्रशांतचा फोटो, न्यायमूर्तींपेक्षा गंभीर.

ताईंनी चष्मा पुसत सगळं वाचलं आणि चौकातच म्हणाल्या, “प्रशांत, हे खाली घे.”

“का ताई? दोघं सहमत आहेत ना?”

“निकालाला. कारणाला नाहीत.”

“कारण घेऊन काय चाटायचंय? जिंकलो ना!”

मग ताईंनी जुन्या कामातली रीत सांगितली. निकालातलं एक कारण काढून घ्यायचं आणि बघायचं, निकाल उभा राहतो की कोसळतो. “पहिले न्यायमूर्ती म्हणतात, तुम्हाला बाजू मांडू दिली नाही म्हणून नोटीस रद्द. चाळ किती जुनी, हा प्रश्न त्यांनी खुला ठेवलाय. समज, उद्या महापालिकेने सुनावणी दिली. मग त्यांचं कारण उरतं?”

“नाही,” मी म्हणालो. प्रशांतने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नोटीस काढली होती.

“दुसरे म्हणतात, करपावत्यांवरून चाळ नोटिशीतलं कलम लागू होण्याआधीची दिसते, म्हणून त्या कलमाखाली पाडायचा अधिकारच नाही. सुनावणी दिली तरी नाही.”

“मग दुसऱ्यांचं धरू!” प्रशांत खुलला.

“ते एकट्यांचं मत आहे. दोघांचा मिळून निर्वाळा नाही. वजन आहे त्याला, पण त्यावर पाय पसरून झोपता येणार नाही.”

ताईंनी नोटीसबोर्डावर सारांश लावला. वर निकाल एकदाच, खाली पहिल्यांचं कारण, त्याखाली दुसऱ्यांचं, आणि कोणता प्रश्न कोणी खुला ठेवला ते. आनंदावर विरजण घातलं म्हणून बायका त्यांच्याशी बोलेनात. फ्लॅटची बातमी त्याच आठवड्यातली.

पुढे महापालिकेची नवी नोटीस आली, या वेळी सुनावणीच्या तारखेसकट. “जायचंच नाही! कोर्टाचा अवमान लावू!” प्रशांत ओरडला. तेव्हा आमचे वकील बोर्डासमोर उभे राहून तो सारांश वाचत होते. “अवमान कसला? पहिल्या निकालपत्राने त्यांना हे दार उघडंच ठेवलंय,” ते म्हणाले. “आता दुसऱ्यातलं कारण आपण पुराव्यानिशी मांडायचं. जुने कागद काढा.”

मग पत्र्याच्या ट्रंका उघडल्या. पिवळ्या करपावत्या, विजेची बिलं, चाळीतल्या पहिल्या १४ एप्रिलच्या जयंतीचा फोटो. त्यात माझे वडील निळा फेटा बांधून, मागे आमचीच नवी कोरी भिंत. कागद शोधायचे सोडून सगळे फोटोच बघत बसले. ज्या बायका बोलत नव्हत्या त्या ताईंना विचारायला लागल्या, “ही तुम्हीच ना हो, दोन वेण्यांची?”

सुनावणीत अधिकाऱ्याने करपावत्या तपासल्या, बांधकाम कलमाच्या आधीचं आहे असं नोंदवलं आणि नोटीस मागे घेतली. चाळ राहिली.

त्या संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना मी ताईंना डिवचलं, “आता खरं सांगा, दोघांतले बरोबर कोण?”

ताई म्हणाल्या, “रवींद्र, बरोबर कोण ते वरचं कोर्ट सांगेल. कोण काय म्हणालं ते मी सांगितलं. त्यात माझं मत घुसडलं असतं, तर चार घरी बातम्या सांगणाऱ्या तुझ्यात न् माझ्यात फरक काय राहिला असता?”